पहिल्या परिपाठातली चार मिनिटं

शाळेच्या पहिल्या दिवशी मैदानावर जी माणसं जमतात, ती एरवी वर्षभर एकत्र येत नाहीत. मुलांशी आपण वर्गात बोलतो, शिक्षकांशी शिक्षकसभेत आणि पालकांशी पालकसभेत. प्रत्येक ठिकाणचं बोलणं वेगळं असतं. जूनमधल्या त्या सकाळी मात्र तिघंही समोर असतात: तुकडीवार रांगांत मुलं, रांगांच्या कडेनं शिक्षक आणि फाटकापासून नळाच्या टाकीपर्यंत पाचवीत नव्यानं आलेल्या मुलांचे आईवडील. नव्या मुख्याध्यापकाला या सगळ्यांना मिळून एकदाच सांगायचं असतं की मी कोण, कुठून आले, काय करणार. यंदा ते माझ्या वाट्याला आलं.

आमची शाळा पर्वतीच्या पायथ्याजवळ आहे. अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. मुलं येतात ती जनता वसाहतीतून, दांडेकर पुलाकडून, काही सहकारनगरच्या मागच्या बाजूनं. आधीच्या बाई मे अखेरीस निवृत्त झाल्या आणि सेवाज्येष्ठतेनं मी संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून इथे आले. गणिताची शिक्षिका म्हणून मी शेकडो परिपाठांना मुलांच्या रांगेशेजारी उभी राहिले आहे. पायरीवर उभं राहून काय बोलायचं, याचा विचार मात्र मे महिन्यात पहिल्यांदा कागद घेऊन केला. तो सविस्तर लिहावासा वाटतो, कारण ‘चार शब्द बोलायचे’ असं आपण सहज म्हणतो आणि त्या चार शब्दांवर पुढचे कित्येक महिने माणसं चालत असतात.

आधी वेळेचं पाहू. आपलं भाषण सुरू होतं तेव्हा मुलं ताजी नसतात. घंटा झाल्यावर रांगा लावायला काही मिनिटं गेलेली असतात. मग राष्ट्रगीत 52 सेकंदांचं, त्यापाठोपाठ राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. दहा-बारा मिनिटं मुलं उभी असतात आणि त्यांतली बरीच नुसता चहा पिऊन आलेली असतात. सुट्टीत उशिरा उठायची सवय झालेली असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात परिपाठात कुणाला तरी चक्कर येतेच. लक्षणं आधी दिसतात. मूल एका पायावरचा भार सारखा दुसऱ्या पायावर टाकतं, ओठ पांढुरके पडतात, नजर समोर असते पण कुठेच नसते. अशा मुलाला पडायच्या आधी खाली बसवायचं, आणि ते पाहण्याचं काम प्रत्येक रांगेशेजारच्या शिक्षकाचं. म्हणून मी स्वतःला चार मिनिटं दिली. मैदानावर सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे सगळं मिळून चारशे शब्द. मैदान कोरडं असतं तर मुलांना आधी बसवलं असतं, पण रात्री पाऊस होऊन गेला होता.

मग जागा. आमचं मैदान साधारण चाळीस मीटर लांब आहे आणि पायऱ्यांच्या समोर तीन मजली नवी इमारत आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. तो समोरच्या भिंतीवर आपटून परत येईपर्यंत जवळपास पाव सेकंद होतो, आणि तेवढ्यात आपण पुढचा शब्द बोलायला लागलेलो असतो. पुढच्या रांगांना दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून ऐकू येतात. ओरडून हे सुधारत नाही, उलट वाढतं. उपाय एकच, वाक्य लहान ठेवायचं आणि संपल्यावर थांबायचं. माझ्या कागदावर म्हणूनच लांब वाक्यं नव्हती. जिथे ‘आणि’ आला तिथे मी वाक्य तोडलं.

आता खरी अडचण सांगते. मैदानावर बोललेलं प्रत्येक वाक्य तीन जागी वेगवेगळं ऐकलं जातं. माझ्या पहिल्या कच्च्या कागदावर एक वाक्य होतं, जे बहुतेक नवे मुख्याध्यापक बोलतात: ‘माझ्या ऑफिसचं दार सगळ्यांसाठी कायम उघडं आहे.’ ऐकायला चांगलं वाटतं. पण मी शिक्षिका म्हणून हेच वाक्य ऐकलेलं आहे आणि तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा पाहिलेला आहे. शिक्षकाला त्यात ऐकू येतं की आता वर्गातली प्रत्येक तक्रार आपल्याला वळसा घालून वर जाणार. पालकाला वाटतं, कामावर जाता जाता केव्हाही डोकावता येईल. मग कुणी भर तासाला येतं आणि मुख्याध्यापक वर्गावर असतात म्हणून हिरमुसून परत जातं. आणि पाचवीतल्या मुलाला काहीच ऐकू येत नाही, कारण त्याला ऑफिस कुठे आहे हेच माहीत नसतं. माहीत झालं तरी त्या दारापाशी शिपाईमामा बसलेले असतात, आत कपाटं असतात, मोठी माणसं असतात. उघडं दारही मुलाला बंदच दिसतं.

ते एक वाक्य फोडून तीन करायला मला बराच वेळ लागला. मुलांसाठी असं केलं: ‘डब्याच्या सुट्टीत मी ऑफिसच्या बाहेर, जिन्याखालच्या बाकावर बसणार. तिथे यायचं. चिठ्ठी लागत नाही. मैत्रिणीला घेऊन आलं तरी चालेल.’ यात जागा आहे, वेळ आहे आणि मुलाच्या मनातल्या दोन शंकांची उत्तरं आहेत. पालकांसाठी: ‘बुधवारी संध्याकाळी साडेपाच ते सात आणि शनिवारी सकाळी शाळा भरण्याआधी अर्धा तास मी फक्त तुमच्यासाठी आहे.’ घरकामाला जाणाऱ्या आयांना दुपारची वेळ जमेल, मार्केटयार्डात हमालीला जाणाऱ्या वडिलांना जमणार नाही. रिक्षा चालवणाऱ्यांचं आणखी वेगळं. सगळ्यांना जमेल अशी वेळ नसतेच. म्हणून दिवसाच्या दोन टोकांच्या दोन वेळा ठेवल्या.

शिक्षकांसाठीच्या वाक्यापाशी मात्र मी अडले, आणि तेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मनात होतं की मैदानावरच म्हणावं, ‘वर्गाबद्दल कुणी काही सांगितलं तर मी आधी वर्गशिक्षकांशी बोलेन.’ शिक्षकांना त्यानं धीर आला असता. पण हे वाक्य त्याच क्षणी एखादी सातवीतली मुलगी ऐकत असते. तिला ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो माणूस तिच्याच रांगेशेजारी उभा असू शकतो. ‘आधी त्यांच्याशी बोलेन’ एवढं ऐकलं की ती बाकापर्यंत कधीच येणार नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यानं तर यात मुख्याध्यापकाला निवड ठेवलेलीच नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, नुसती तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवायचंच. शाळेतल्या शाळेत चौकशी करून खात्री करून घेऊ, मग बघू, असं म्हणत थांबायचा अधिकार शाळेला नाही आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मग ‘आधी शिक्षकांशी’ हे वचन मी जाहीरपणे देऊच कशी?

म्हणून ते वाक्य मैदानावरून काढलं आणि आदल्या दिवशीच्या शिक्षकसभेत नेलं. तिथे ते पूर्ण बोलता आलं: गृहपाठ, मार्क, बसायची जागा, रागावणं यांबद्दल कुणी आलं तर मी पहिल्यांदा तुमच्याकडे येईन, तुमच्या मागे काही ठरवणार नाही. मुलाच्या शरीराला हात लावण्याबद्दल, सुरक्षिततेबद्दल काही असेल तर तुमच्याकडे येणार नाही. ते थेट कायद्यानं जाईल, मग माणूस कोणीही असो. सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग इंग्रजीच्या बाईंनी विचारलं, ‘आणि मुलानं खोटं सांगितलं तर?’ प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, खरंखोटं ठरवणं आपलं काम नाही, तपास करणाऱ्यांचं आहे; आपलं काम मुलाचं पूर्ण ऐकून घेण्याचं, पुन्हा पुन्हा तेच विचारून त्याला दमवायचं नाही आणि त्याच्या शब्दांत लिहून ठेवायचं. आपलं नाव निघालं तर आपलंही म्हणणं तपासात ऐकलं जाईल. सगळ्यांचं समाधान झालं असेल असं नाही. पण दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांना माझ्या तोंडून कुठलीही गोष्ट पहिल्यांदा ऐकावी लागली नाही, आणि हा नियम मी यापुढेही पाळणार आहे. विद्यार्थ्यांसमोर शिक्षकाला नवीन काही कळता कामा नये.

मारण्याबद्दलही असंच. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, 2010 पासून. तरी आजही पालक पहिल्या दिवशी प्रेमानं सांगतात, ‘बाई, ऐकलं नाही तर चांगला चोप द्या, आमची परवानगी आहे.’ मुलांकडे पाहून मी ‘इथे तुम्हाला कुणी मारणार नाही’ असं म्हटलं असतं तर शेजारी उभे असलेले शिक्षक, ज्यांनी वर्षानुवर्षं कुणावर हात उगारलेला नाही, ते सगळ्यांसमोर आरोपी झाले असते. म्हणून ते वाक्य मी पालकांकडे वळवलं: ‘आईवडिलांना एक विनंती. मुलांना मारायची परवानगी आम्हाला देऊ नका. आम्हाला ती घेता येत नाही आणि आमच्या शिक्षकांना तिची गरज पडत नाही.’ मुलांनी ते ऐकलंच. शिक्षकांच्या बाजूनं बोललं गेलं आणि मुलांच्याही.

काही गोष्टी मी बोलले नाही. ‘यंदा शाळेचा कायापालट करायचा आहे’ हे म्हटलं नाही, कारण ज्यांनी वीस-वीस वर्षं इथे घालवली, त्यांना त्यात एवढंच ऐकू आलं असतं की आजवरचं सगळं वाया गेलं. दहावीच्या निकालाची टक्केवारी काढली नाही. ती पाचवीला कळत नाही आणि दहावीला पहिल्याच दिवशी घाबरवते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारांना आतून कड्या नव्हत्या, त्या मेमध्ये बसवून घेतल्या होत्या. हे सांगणं फार गरजेचं होतं, पण मुलांच्या गर्दीत नाही. ते काम बाईंनी पहिल्या तासाला आपापल्या वर्गात मुलींना वेगळं घेऊन केलं, आणि कडी मोडली तर कुणाला सांगायचं तेही.

मग स्वतःबद्दल काय सांगायचं? पदव्या आणि अनुभवाची वर्षं मुलांच्या काही कामाची नसतात. मी ठरवलं की माझ्याबद्दलची तीच माहिती द्यायची, जिचा मुलांना उपयोग आहे. नाव, सावकाश, दोनदा. मी सासवडची, एसटीनं शाळेत जायचे. सातवी ‘ब’ला मी गणित शिकवणार, म्हणजे मी नुसती ऑफिसात बसणार नाही हे कळलं. आणि शेवटची गोष्ट: ‘मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तुम्ही हाक मारलीत आणि मी वळले नाही, तर मी रागावलेली नाही. उजव्या बाजूनं या.’ उपमुख्याध्यापक सरांना आदल्या दिवशी कागद दाखवला, तेव्हा ते या ओळीवर थांबले. पहिल्याच दिवशी हे कशाला, असं त्यांना काळजीनं वाटलं. पण दुर्लक्ष केलं असं वाटून एखादं मूल परत गेलं, तर ते दुसऱ्यांदा येत नाही. ती ओळ मी ठेवली.

त्या सरांबद्दलही दोन वाक्यं होती. आधीच्या बाई गेल्यापासून शाळेचा कारभार त्यांनीच सांभाळला होता. ‘त्यांचे आभार’ एवढ्यावर भागवायचं नव्हतं. पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे फोडून इयत्तावार लावले ते सरांनी, आज पहिल्या तासाला तुमच्या हातात पुस्तकं येतील ती त्यामुळे, असं सांगितलं. मुलांना त्यातून कळलं की शाळेत कोणाच्या शब्दाला वजन आहे. शिपाईमामा आणि सफाईच्या मावशी यांनाही पुढे बोलावून दाखवलं: दप्तर हरवलं तर हे, कुणी सांडलं-ओकलं तर या, आणि त्यांच्याशी बोलताना ‘अहो मामा’, ‘अहो मावशी’.

प्रत्यक्षात झालं असं की दुसऱ्याच वाक्याला माईक खरखरायला लागला. पावसाची ओल वायरच्या जोडात गेली असावी. तो हातानं ठोकत बसण्यात अर्थ नसतो, मुलांचं लक्ष एकदा खरखरीकडे गेलं की परत येत नाही. मी तो बंद केला आणि सांगितलं, पुढची रांग पायरीपर्यंत या, मागच्यांनी अंतर मिटवा. सगळं मैदान चिखलातून पुढे सरकलं, पालकही सरकले. मुलं समोरच्या भिंतीपासून लांब आली, त्यामुळे घुमणंही कमी झालं. पाचवीची मुलं माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती. एकाच्या नव्या बुटाला किमतीचा कागद तसाच चिकटलेला होता. मी उरलेलं सगळं त्यांच्याकडे पाहून बोलले. त्यांना कळलं तर दहावीला कळणारच होतं.

आता यातलं काय पोचलं ते कसं ओळखायचं? टाळ्यांवरून नाही, टाळ्या वाजवायला रांगेशेजारचे सर डोळ्यांनी खुणावतात. मी बाकावर लक्ष ठेवलं. पहिल्या दिवशी सुट्टीत पाचवीतली दोन मुलं आली, उजव्या बाजूनं, आणि काहीच न बोलता उभी राहिली. मी विचारल्यावर एक म्हणाला, ‘तुम्ही खरंच बसता का बघायला आलो.’ दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं की त्याला फळ्यावरचं दिसत नाही. घरी सांगितलंय का, तर नाही. वर्गशिक्षिकेला सांगून त्याला पुढे बसवलं आणि नेत्रतपासणीच्या यादीत नाव घातलं. मोठी बाब नाही. पण जे मूल ‘दिसत नाही’ हे सांगायला येतं, ते उद्या आणखी अवघड काही सांगायला येऊ शकतं, आणि बाकावर बसायचं ते त्यासाठीच. तोवर जे येईल ते: हरवलेली कंपासपेटी, पाण्याच्या टाकीपाशी ढकलाढकली, ‘आमच्या वर्गाला खेळाचा तास का नाही?’

शिक्षकांचा अंदाज वेगळ्या तऱ्हेनं आला. त्याच आठवड्यात एक पालक थेट माझ्याकडे आले, मुलाला मागच्या बाकावर बसवल्याची तक्रार घेऊन. मी त्यांना बसवलं, ऐकलं, आणि मधल्या सुट्टीत वर्गशिक्षकांना बोलावून तिघं मिळून बोललो. सरांनी उंचीप्रमाणे बसवल्याचं सांगितलं आणि दर सोमवारी रांगा बदलतात हेही. पाच मिनिटांत विषय संपला. जाताना सर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल, जो घरी जायला टाळाटाळ करतो, ते स्वतःहून सांगायला आले. शिक्षकसभेतलं वाक्य पोचलं होतं.

बुधवारची संध्याकाळ पहिल्यांदा जवळजवळ रिकामीच गेली. पालख्या पुण्यात येण्याचे दिवस होते, रस्ते बंद, बस वळवलेल्या. शनिवारी मात्र शाळा भरण्याआधीच एक आजी आल्या. नातीच्या जन्मतारखेत दाखल्यावर चूक होती. हे काम कारकुनाचं, पण त्यांना कुठल्या खिडकीशी जायचं हे ठाऊक नव्हतं आणि ‘बाईंनी शनिवारी या म्हटलं होतं’ हे ठाऊक होतं.

दहावीच्या मुली मात्र बाकाकडे फिरकल्या नव्हत्या. मला वाटलं मोठ्या झाल्या, संकोचत असतील. मग तिसऱ्या आठवड्यात गणिताच्या जादा तासाला गेले असताना एकीनं विचारलं, ‘बाई, आमची डब्याची सुट्टी जादा तासात जाते. आम्ही केव्हा यायचं?’ वेळापत्रक काढून पाहिलं. सुट्टीतली पंधरा मिनिटं रोज त्यांच्या जादा तासाला दिलेली होती, उरलेल्या वेळात डबाही धड खाऊन होत नव्हता. उपमुख्याध्यापक सरांशी बोलून जादा तास सकाळी शाळेआधी नेला, आणि सोमवारच्या परिपाठात मी एक वाक्य वाढवलं: ‘शाळा सुटल्यावर अर्धा तासही मी त्याच बाकावर असेन.’